३० सप्टेंबरच्या आत मायग्रेशन

एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या मॅडमनी माझ्यासमोर एक छापील हमीपत्र ठेवलं. त्यात चार रिकाम्या चौकटी होत्या आणि त्यातल्या दोन चौकटींवर त्यांनी पेनाने टिक केली: महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आणि स्थलांतर प्रमाणपत्र. खाली वाक्य होतं की ही कागदपत्रं ३० सप्टेंबरपर्यंत सादर केली नाहीत तर तात्पुरता प्रवेश रद्द होऊ शकतो, आणि त्याला माझी हरकत राहणार नाही. मी सही केली. तारीख होती २६ जुलै. हातात दोन महिने होते, आणि मला वाटलं की दोन्ही चौकटी एकाच कागदाने भरतील.

मी तसं विचारलंही. "मॅडम, कॉलेज एलसी देणारच आहे. मग मायग्रेशन वेगळं कशाला?"

त्या म्हणाल्या, "एलसी तुझं कॉलेज देतं. मायग्रेशन तुझं विद्यापीठ देतं. तू कॉलेज बदललंस म्हणून एक, विद्यापीठ बदललंस म्हणून दुसरं. आमच्याच विद्यापीठातून आली असतीस तर दुसरं लागलंच नसतं."

इतक्या थोडक्या शब्दांत मला ही गोष्ट तीन वर्षांत कुणी सांगितली नव्हती. बारावीनंतर मी राज्य मंडळातून थेट राज्यातल्या विद्यापीठात आले, तेव्हा मायग्रेशनचा संबंधच आला नव्हता. वर्गातला एक मित्र सीबीएसईचा होता. त्याला पहिल्या वर्षीच मंडळाचं मायग्रेशन द्यावं लागलं होतं. ते त्याला डिजिलॉकरमध्ये मिळालं होतं, म्हणून त्याची धावपळ आम्हाला दिसली नाही.

मायग्रेशन म्हणजे विद्यापीठाचं ना-हरकत पत्र. अमुक नावाचा, अमुक पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक असलेला विद्यार्थी आमच्याकडे नोंदलेला होता, त्याने अमुक महिन्यातली अमुक परीक्षा दिली, आणि आता तो दुसऱ्या विद्यापीठात गेला तर आमची हरकत नाही, एवढंच त्यावर असतं. पण ते पत्र देताना विद्यापीठ स्वतःच्या नोंदीत तुमचं खातं बंद करतं. हा दुसरा भाग अर्जावर ठळक लिहिलेला नसतो, आणि माझ्या सगळ्या तारखा पुढे त्यावरच फिरल्या.

कोणत्या विद्यापीठाकडे अर्ज करायचा यातही लोक चुकतात. कॉलेज कुठल्या जिल्ह्यात आहे यापेक्षा परीक्षा कुणी घेतली आणि पदवी कोण देणार, हे पाहायचं. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली कॉलेजं पूर्वी नागपूर विद्यापीठाकडे होती. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं आणि ती तिकडे गेली. म्हणजे त्याच इमारतीतून २००८ मध्ये पदवी घेतलेल्या मोठ्या बहिणीचं मायग्रेशन नागपूरचं आणि २०२० मध्ये पदवी घेतलेल्या धाकट्या भावाचं गोंडवानाचं. सोलापूरकडे २००४ च्या आधी आणि नंतर असाच फरक पडतो, फक्त तिथे आधीचं विद्यापीठ शिवाजी. स्वायत्त कॉलेजांत गुणपत्रकावर कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरात असतं, तरी पदवी विद्यापीठाचीच असते आणि मायग्रेशनही तिथूनच मिळतं. आमच्या ओळखीतली एक मुलगी यामुळे आठवडाभर कॉलेजच्या परीक्षा विभागात हेलपाटे घालत होती.

माझं कॉलेज तालुक्याच्या गावात, विद्यापीठ तिथून एसटीने अडीच तासांवर, आणि नवीन विद्यापीठ रात्रभराच्या प्रवासावर. त्यामुळे प्रत्येक फेरीचा हिशेब करावा लागत होता. प्रवेश घेऊन परत येताना गाडीत मी वहीच्या मागच्या पानावर तारखा उलट्या क्रमाने लिहिल्या. ३० सप्टेंबरला मूळ प्रमाणपत्र नव्या विद्यापीठात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मायग्रेशनला कामाचे दहा दिवस लागतील असं दिलं होतं, म्हणजे सुट्ट्या धरून दोन आठवडे. गणपती सप्टेंबरमध्येच येत होते, म्हणून आणखी पाच दिवस. म्हणजे अर्ज फार तर १० सप्टेंबरला आत जायला हवा. त्याआधी एलसी, आणि एलसीच्या आधी छापील गुणपत्रक.

इथे पहिली अडचण होती. निकाल ४ जुलैला ऑनलाइन लागला होता आणि प्रवेश मी त्या ऑनलाइन निकालाच्या प्रिंटवर घेतला होता. मायग्रेशनच्या अर्जाला मात्र शेवटच्या सत्राच्या छापील गुणपत्रकाची स्वयंसाक्षांकित प्रत लागत होती. निकाल लागणं आणि गुणपत्रक कॉलेजात येणं यांत आमच्याकडे महिनाभर जातो. आमची गुणपत्रकं ९ ऑगस्टला आली.

पदवी प्रमाणपत्राचं इथेच सांगून टाकते, कारण माझ्या दोन मैत्रिणी त्याची वाट पाहत थांबल्या होत्या. मायग्रेशनला पदवी प्रमाणपत्र लागत नाही. पदवी दीक्षान्त समारंभात मिळते. यूजीसीच्या २००८ च्या नियमांत त्यासाठी १८० दिवसांची मुदत आहे, आणि पुढच्या प्रवेशाची पात्रता तोवर थांबत नाही. गुणपत्रकावर 'उत्तीर्ण' असं आलेलं असणं पुरेसं. कुठे पासिंग सर्टिफिकेट मागतात, ते परीक्षा विभागातून लगेच मिळतं. दीक्षान्त समारंभाची वाट पाहिली असती तर माझी ३० सप्टेंबर कधीच निघून गेली असती.

एलसीसाठी ना-देय प्रमाणपत्र हवं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, वसतिगृह असल्यास तेही, अशा प्रत्येक ठिकाणची सही त्या एका कागदावर. प्रयोगशाळेतल्या सरांनी जुनं रजिस्टर काढून दुसऱ्या वर्षी माझ्या गटाकडून फुटलेल्या ब्युरेटची नोंद दाखवली आणि तेवढी रक्कम अनामत रकमेतून वजा केली. १३ ऑगस्टला एलसी हातात आली. मी ती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि घरी आले. ती नीट वाचली नाही. याची किंमत पुढे सप्टेंबरमध्ये मोजली, ते सांगतेच.

एक काम मात्र मी बरोबर केलं. एलसी लगेच नव्या विद्यापीठाकडे पाठवली नाही. मायग्रेशनच्या अर्जाला तिची प्रत लागते, आणि पडताळणीत शंका आली तर मूळ प्रत दाखवायला सांगतात. मूळ एलसी एकदा नव्या ठिकाणी जमा झाली की ती परत हातात येणं अवघड. म्हणून दोन्ही चौकटी एकदमच भरायच्या असं ठरवलं होतं.

२० ऑगस्टला मी विद्यापीठात गेले. ऑनलाइन अर्ज घरूनही भरता आला असता, पण पैसे भरण्याआधी पात्रता विभागात कागद दाखवावेत, असं वडिलांचं म्हणणं पडलं. त्यांचं ऐकलं हे फार बरं झालं. टेबलावरच्या काकांनी माझं गुणपत्रक पाहिलं, पीआरएन टाकून संगणकावर नोंद उघडली आणि विचारलं, "रिव्हॅल्युएशन टाकलंय का?"

टाकलं होतं. भौतिक रसायनशास्त्राच्या एका पेपरात मला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण होते. निकालानंतर ठरलेल्या मुदतीत मी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली होती. त्यात एक पूर्ण उत्तर तपासायचं राहिलेलं दिसलं, म्हणून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला होता. त्याचा निकाल यायचा होता.

"मग आज अर्ज करू नकोस," ते म्हणाले. "आज केलास तर आम्ही या गुणपत्रकावर मायग्रेशन काढू. उद्या गुण बदलले की हे गुणपत्रक परत घेऊन तुला नवीन देतील. तुझ्याकडे नवीन विद्यापीठात जुन्या गुणपत्रकाची प्रत असेल, इकडे गुण वेगळे असतील, आणि खातं बंद झालेलं असेल. मग दुरुस्तीसाठी कुणाकडे जाणार?"

मी विचारलं, रिव्हॅल्युएशन मागे घेतलं तर? ते म्हणाले की तो माझा प्रश्न, पण तपासायचं राहिलेलं उत्तर असेल तर त्यांनी स्वतःच्या मुलीला तसं करू दिलं नसतं.

कॅन्टीनमध्ये बसून मी बराच वेळ विचार केला. एका बाजूला ३० सप्टेंबर, दुसऱ्या बाजूला माझे हक्काचे गुण. थांबले तर मायग्रेशनला उशीर होणार हे दिसत होतं, पण उशिरासाठी अर्ज करता येतो. बंद झालेल्या खात्यातले गुण दुरुस्त करून घेणं त्याहून फार कठीण. मी थांबायचं ठरवलं.

हाच निर्णय घाईत उलटा घेतलेली मैत्रीण माझ्याच वर्गात होती. तिने ऑगस्टमध्ये गुणपत्रक हातात येताच मायग्रेशन काढलं आणि दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात जमा केलं. नंतर तिला श्रेणीसुधार परीक्षेला बसायचं होतं, कारण एका नोकरीच्या जाहिरातीत प्रथम वर्गाची अट होती. परीक्षेचा अर्ज भरताना तिचा पीआरएन स्वीकारलाच जाईना. चौकशी केल्यावर कळलं की मायग्रेशन दिलं गेल्यामुळे ती आता त्या विद्यापीठाची विद्यार्थिनी नाही. परत यायचं तर मूळ मायग्रेशन आणून रद्द करून घ्यावं लागणार होतं, आणि ते नव्या विद्यापीठाच्या फायलीत होतं. तिने श्रेणीसुधाराचा विचार सोडून दिला. ज्यांची एटीकेटी बाकी आहे, रिव्हॅल्युएशन चालू आहे किंवा श्रेणीसुधाराचा विचार मनात आहे, त्यांनी आधी तो निकाली काढावा आणि मगच मायग्रेशन मागावं, असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं.

काकांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट तपासली: माझी पात्रता 'कायम' झाली आहे की 'तात्पुरती'च राहिली आहे. पहिल्या वर्षी बाहेरच्या मंडळातून आलेल्यांची पात्रता कधी कधी एखाद्या कागदासाठी तात्पुरती राहते, तीन वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मायग्रेशनच्या वेळी नेमकी तिथे गाडी अडते. माझी कायम होती. सीबीएसईच्या त्या मित्राला मी त्याच संध्याकाळी फोन करून तपासायला सांगितलं. त्याचीही कायम निघाली.

रिव्हॅल्युएशनचा निकाल ६ सप्टेंबरला आला. आठ गुण वाढले, त्या विषयाची श्रेणी बदलली आणि सीजीपीएही. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. सुधारित गुणपत्रक विद्यापीठातूनच घ्यायचं होतं, जुनं मूळ गुणपत्रक परत करून. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, १३ तारखेला, मी पहिल्या एसटीने गेले, जुनं दिलं आणि नवीन घेतलं. जुनं परत करण्याआधी त्याची झेरॉक्स काढून त्यावर 'परत केले' असं लिहून तारीख टाकली, कारण नव्या विद्यापीठात मी ऑनलाइन निकालाची जुनी प्रिंट दिली होती आणि दोन वेगळे आकडे का, हे सांगायला पुरावा हवा होता. सप्टेंबरअखेर तो खरंच कामी आला.

१४ सप्टेंबरला घरून अर्ज भरला. अर्ज लहान होता, पण दोन रकान्यांत अडखळले. पहिला, 'शेवटची परीक्षा: महिना व वर्ष'. माझ्या हातातल्या गुणपत्रकावर दोन तारखा होत्या, एक परीक्षेची आणि एक गुणपत्रक दिल्याची, शिवाय सुधारित म्हणून सप्टेंबरचा शिक्का. रकान्यात परीक्षेचाच महिना टाकायचा, गुणपत्रकाच्या डोक्यावर छापलेला, जसाच्या तसा. मायग्रेशनवर तोच उतरतो. दुसरा रकाना, 'कोणत्या विद्यापीठात प्रवेश घेतला'. इथे मी विभागाचं नाव लिहिणार होते. विद्यापीठाचं पूर्ण अधिकृत नाव लिहायचं, कॉलेजचं किंवा विभागाचं नाही. सोबत जोडायला सुधारित गुणपत्रक, एलसी, आधार कार्ड आणि नव्या प्रवेशाची पावती, प्रत्येकाची स्कॅन प्रत ठरलेल्या आकारात. मोबाइलने काढलेल्या फोटोत एलसीवरचा गोल शिक्का पुसट येत होता, म्हणून चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेतली.

शुल्क साडेचारशे रुपये होतं; प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. पैसे खात्यातून गेले आणि पडद्यावर 'प्रलंबित' दिसू लागलं. पावती तयार झाली नाही. भावाने पुन्हा भरायला सांगितलं. मी भरले नाहीत, व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबले, आणि सकाळी पावती आली. दोनदा भरलेले पैसे परत मिळवायला वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पहिली पावती जुळेपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही.

पावतीवर अर्ज क्रमांक होता. तो टाकून रोज स्थिती पाहायचे. अनंत चतुर्दशीनंतर तीन दिवसांनी, २० सप्टेंबरला, स्थिती बदलली: 'त्रुटी'. कारण एका ओळीत: एलसी व गुणपत्रकातील नावात तफावत.

मी फोल्डर काढून दोन्ही कागद शेजारी ठेवले. देवनागरीत नाव सारखंच होतं. इंग्रजीत आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एलसीवर एक 'एच' कमी होता. गुणपत्रकावर होता, दहावीच्या प्रमाणपत्रावर होता, आधारवर होता. एलसीवरच नव्हता. ती माझ्याकडे पाच आठवडे पडून होती आणि मी एकदाही ती गुणपत्रकाशेजारी धरून पाहिली नव्हती. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं, कारण बाकी सगळं मी जपून केलं होतं.

अशा वेळी आधी ठरवावं लागतं की दोन्हीपैकी चूक कोणत्या कागदात आहे. कसोटी दहावीचं प्रमाणपत्र. गुणपत्रक त्याच्याशी जुळत असेल आणि एलसी जुळत नसेल, तर काम कॉलेजातच होतं. एलसी बरोबर आणि गुणपत्रक चूक असेल तर मात्र परीक्षा विभागाकडे नावदुरुस्तीचा अर्ज जातो, सगळ्या सत्रांची गुणपत्रकं बदलतात, आणि त्याला आठवडे लागतात. मधल्या काळात लग्नामुळे किंवा अन्य कारणाने नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडावी लागते, आणि तरीही मायग्रेशन जुन्या नावानेच निघतं, कारण नोंद जुन्या नावाची असते. माझं प्रकरण यांतलं सर्वांत सोपं होतं.

सोमवारी, २३ तारखेला, कॉलेज उघडताच मी कार्यालयात होते. मोठ्या कारकूनबाईंनी जनरल रजिस्टर काढलं. रजिस्टरमध्ये स्पेलिंग बरोबर होतं. एलसी टाइप करताना अक्षर सुटलं होतं. हे महत्त्वाचं ठरलं, कारण रजिस्टरमध्येच चूक असती तर प्राचार्यांच्या मंजुरीने आधी रजिस्टर दुरुस्त करावं लागलं असतं. त्यांनी जुनी एलसी घेऊन रद्द केली, नवीन काढली आणि त्यावर 'दुरुस्त प्रत' असं लिहून प्राचार्यांची सही-शिक्का घेतला. बाई म्हणाल्या, "बाळा, इथेच उभी राहून वाच." मी गुणपत्रकाशेजारी धरून एकेक अक्षर वाचलं. जन्मतारीख, आईचं नाव, प्रवेशाची तारीख, सोडल्याची तारीख, सगळं. त्याच दुपारी नवीन प्रत अर्जाला जोडली आणि त्रुटी पूर्ण केल्याचा शेरा टाकला.

पण ३० तारीख हातातून जाणार हे आता स्पष्ट होतं. मी २७ सप्टेंबरला नव्या विद्यापीठात गेले आणि पात्रता विभागाला साधा अर्ज दिला: मायग्रेशनसाठी अर्ज केला आहे, अर्ज क्रमांक अमुक, शुल्काची पावती जोडली आहे, पुनर्मूल्यांकनाचा निकाल ६ सप्टेंबरला आल्यामुळे आधी अर्ज करता आला नाही, कृपया १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत द्यावी. सोबत सुधारित गुणपत्रकाची प्रत आणि 'परत केले' लिहिलेल्या जुन्या गुणपत्रकाची झेरॉक्स. अर्ज आवक विभागात देऊन माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. जुलैमध्ये हमीपत्र देणाऱ्या त्याच मॅडम होत्या. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाल्या, "मुदतीच्या आत आलीस आणि पावती आणलीस, म्हणून हे सोपं आहे. मुदत उलटून नुसतं सांगायला येतात, तेव्हा आमच्याही हातात काही राहत नाही." मुदत मिळाली. तीही मी लेखी मागितली, आणि त्यांनी माझ्या प्रतीवरच तारीख लिहून सही केली.

इकडे जुन्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाबाहेर लोकसेवा हक्काचा फलक होता. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे. त्याखाली अधिसूचित केलेल्या सेवांसाठी कार्यालयाला मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील कुणाकडे करायचं हे फलकावर लावावं लागतं. मी ऑगस्टमध्येच त्याचा फोटो काढून ठेवला होता. मला अपील करावं लागलं नाही. पण १ ऑक्टोबरला फोन केला तेव्हा "त्रुटी पूर्ण होऊन कामाचे सहा दिवस झाले आहेत, फलकावर दहा आहेत, तर तयार कधी होईल?" असं नेमकं विचारता आलं, आणि पलीकडच्या सरांनीही नेमकं उत्तर दिलं: सहीला गेलं आहे, गुरुवारी पाहा.

गुरुवारी, ३ ऑक्टोबरला, स्थिती 'तयार' झाली. टपालाने मागवण्याची सोय होती, पण स्पीड पोस्टचे तीन-चार दिवस आणि घरी कुणी नसेल तर परत जाण्याची भीती, म्हणून मी स्वतः जायचं ठरवलं. दुसऱ्याला पाठवायचं असतं तर अधिकारपत्र आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती लागल्या असत्या. ४ तारखेला खिडकीवर पावती आणि आधार दाखवलं, रजिस्टरवर सही केली, आणि पाकीट मिळालं.

पाकीट मी खिडकीसमोरच उघडलं. नाव, 'एच'सकट. पीआरएन, गुणपत्रकाशी अंकाला अंक. परीक्षेचं नाव, महिना आणि वर्ष. प्रमाणपत्राचा क्रमांक, दिनांक, कुलसचिवांची सही, शिक्का. पाठीमागे क्यूआर कोड होता, तो मोबाइलने स्कॅन केला तर विद्यापीठाच्या पानावर माझीच नोंद उघडली. मागे रांगेत चार जण होते आणि वेळ लागला, पण खिडकीवरून हललं की तीच चूक दुरुस्त करायला नवा अर्ज आणि कधी नवं शुल्क लागतं. मायग्रेशन एकदाच मिळतं. हरवलं तर दुय्यम प्रतीसाठी पोलिसांकडे हरवल्याची तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि पुन्हा सगळी पडताळणी. बाहेर येऊन मी दोन्ही बाजूंच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि एक स्कॅन स्वतःलाच मेल केला.

७ ऑक्टोबरला मूळ मायग्रेशन आणि मूळ एलसी नव्या विद्यापीठात जमा केली. मॅडमनी फायलीतलं हमीपत्र काढलं, दोन्ही चौकटींसमोर तारीख टाकली आणि मला पोच दिली. त्यावर दोन्ही कागदांचे क्रमांक लिहून घ्यायला मी सांगितलं. आठवड्याभराने माझ्या नावापुढची 'तात्पुरती पात्रता' बदलून 'पात्र' झाली. त्या दिवशी आमचा सेंद्रिय रसायनशास्त्राचा प्रॅक्टिकल होता, आणि मोबाइल बाहेर ठेवायला लावल्यामुळे मला ते संध्याकाळी कळलं.